‘बिफोर’ दिसलं की लगेच प्रिपोझिशन लिहू नका

पार्ट्स ऑफ स्पीचची यादी पाठ असते पोरांची, राउंड म्हणजे ॲडजेक्टिव्ह, बिफोर म्हणजे प्रिपोझिशन, हार्ड म्हणजे ॲडजेक्टिव्ह, आणि पेपरात नेमकं तिथेच मार्क जातात कारण हे शब्द वाक्यात काय काम करतायत ते कुणी बघतच नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो बिफोर. मराठीत अर्थ काढून उपयोग नाही, तिन्ही ठिकाणी ‘आधी’ असंच काहीतरी येणार. त्याच्यापुढे काय आलंय ते बघा. ‘आय हॅव सीन हिम बिफोर’, पुढे काहीच नाही, म्हणजे ॲडव्हर्ब. ‘ही केम बिफोर मी’, पुढे नुसतं सर्वनाम, म्हणजे प्रिपोझिशन. ‘ही केम बिफोर आय लेफ्ट’, पुढे कर्ता पण आहे आणि त्याचं क्रियापद पण, म्हणजे कंजंक्शन.

इथपर्यंत जमतं सगळ्यांना. घोळ होतो तो ‘बिफोर द बेल रँग, वी सॅट डाउन’ अशा वाक्यात. ‘द बेल’ दिसलं की नाउन आला म्हणून घाईघाईत प्रिपोझिशन लिहून मोकळे! अहो अजून एक शब्द पुढे वाचा, ‘रँग’ आहे ना तिथे, बेलला स्वतःचं क्रियापद मिळालं की ते अख्खं उपवाक्य झालं, म्हणून कंजंक्शन. तेच ‘बिफोर द बेल, वी सॅट डाउन’ असतं तर प्रिपोझिशन बरोबर होतं.

उलटी चूक ‘बिफोर लीव्हिंग द हाऊस, लॉक द डोअर’ मध्ये. लीव्हिंग क्रियापदासारखं दिसतं म्हणून कंजंक्शन लिहितात, पण त्याला तिथे कर्ता कुठाय? तो आयएनजी लागलेला शब्द इथे नाउनचं काम करतोय, जेरंड म्हणतात त्याला, म्हणून बिफोर इथे प्रिपोझिशनच.

हार्डला मात्र पुढे बघून चालत नाही, तो कोणाबद्दल सांगतोय ते विचारा. ‘शी वर्क्स हार्ड’ मध्ये काम कसं करते ते सांगतोय, ॲडव्हर्ब. ‘द पेपर वॉज हार्ड’ मध्ये क्रियापदानंतर आलाय म्हणून पुष्कळ जण ॲडव्हर्ब ठोकतात, पण अवघड कोण? पेपर! म्हणजे ॲडजेक्टिव्ह. वॉज, सीम्स, फील्स यांच्यानंतर हमखास असं होतं. आणि ॲडव्हर्ब पाहिजे म्हणून हार्डला एलवाय चिकटवू नका, ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती जवळपास कामच करत नाही 😅

राउंडला दोन्ही युक्त्या लागतात. ‘द राउंड बॉल रोल्ड राउंड द पोल’ मध्ये पहिला राउंड बॉलचा आकार सांगतो, ॲडजेक्टिव्ह, दुसऱ्याच्या पुढे ‘द पोल’ आहे आणि पोलला क्रियापद नाही, म्हणून प्रिपोझिशन. ‘शी टर्न्ड राउंड’ मध्ये पुढे काही नाही, वळण्याबद्दलच सांगतोय, ॲडव्हर्ब. ‘द फर्स्ट राउंड’ नाउन आणि ‘द शिप राउंडेड द केप’ मध्ये ईडी लागलाय आणि जहाजाने काय केलं तेच तो सांगतोय, म्हणून तिथे व्हर्ब.