उभ्या व्हिडिओवरची मराठी अक्षरं फोनवर नीट वाचता यावीत म्हणून

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या रक्तदान शिबिराची रील मी केली होती. लॅपटॉपवर झकास दिसत होती, पण ती टाकल्यावर जो तो विचारायला लागला, "वेळ कुठे लिहिलीय?" वेळ होती की! पण अगदी तळाशी, अकाउंटच्या नावाखाली दबलेली, आणि भगव्यावर पांढऱ्या अक्षरांत. यंदा तीच रील नव्याने केली, ती अशी.

आधी समास आखून घ्या. रीलची चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची. रीलमधल्या जाहिरातींसाठी मेटाची शिफारस आहे की वरचा १४ टक्के, खालचा ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचा ६-६ टक्के भाग मोकळा ठेवावा. जाहिरात नसली तरी मी हेच माप धरतो, कारण अ‍ॅपमधलं कॅप्शन आणि बटणं याच भागांवर येतात. हिशेब केला तर वरून सुमारे २७०, खालून ६७० आणि बाजूंनी ६५ पिक्सेल सोडायचे. उरते ती साधारण ९५० बाय ९८० ची जागा. तिच्याभोवती एक तात्पुरती चौकट काढून ठेवा आणि सगळा मजकूर तिच्या आतच बसवा. फोटो खुशाल बाहेर जाऊ दे.

आता आकार. एडिटरमधला आकडा फोनवर तसाच उतरत नाही. १०८० पिक्सेलची रुंदी नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर साधारण ३६० एककांत बसते, म्हणजे सगळं एक तृतीयांश होतं. एडिटरमधलं ४८ तिथे जेमतेम १६ दिसतं. त्यात देवनागरीला वर वेलांटी-रफारासाठी आणि खाली उकारासाठी जागा राखावी लागते, त्यामुळे मूळ अक्षर आणखी बारीक राहतं. म्हणून ४८ च्या खाली मी जातच नाही. मथळा ९६ आणि तपशील ६४, अशी सुरुवात केली. ६४ ला एका ओळीत वीसेक अक्षरं मावतात. जास्त असतील तर आकार कमी करण्याऐवजी शब्द कमी करा.

फॉन्ट निवडताना त्यात "मूर्तींपुढे" हा शब्द टाइप करून बघा. "र्तीं" वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकमेकांना खेटून बसतात. तिथे नुसता काळा ठिपका दिसला तर फॉन्ट जाड आहे किंवा आकार लहान आहे. काही अ‍ॅपमध्ये अक्षरांची चौकट वरचा रफारच कापते, तेही इथेच कळतं. मी मुक्ता वापरतो, सेमीबोल्ड वजनात. ओळींतलं अंतर आकाराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर मात्र शून्यच असू द्या. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची दातपडकी कवळी होते.

रंगात माझी खरी चूक झाली होती. वेब सुलभतेच्या मानकानुसार साध्या मजकुराला ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ इतका उजेडाचा फरक तरी हवा. भगव्यावर (`#FF9933`) पांढऱ्याचं गुणोत्तर जेमतेम २.१ येतं. त्याच भगव्यावर गडद मरून (`#800000`) घेतला तर ५.१, आणि काळा घेतला तर जवळपास १०. मी मरून घेतला. फरक उजेडाचाच हवा, नुसता रंगाचा नको. व्हिडिओ दाबला जाताना रंगाची माहिती उजेडापेक्षा जास्त उडवली जाते, त्यामुळे निळ्यावरच्या लाल अक्षरांच्या कडा फिसकटतात. तपासायला सोपं आहे: एडिटरमध्ये सॅच्युरेशन शून्यावर आणा. करड्या चित्रात मजकूर वाचता आला तर रंग ठीक.

फोटोवर लिहायचं असेल तर अक्षरांना जाड किनार देऊ नका, मागे गडद अर्धपारदर्शक पट्टी द्या. किनारीने "ष्ट्र"सारखं जोडाक्षर भरून जातं. त्याहून वाईट म्हणजे "ध" आणि "भ" यांच्या शिरोरेषेतली खाच बुजते. मग धन आणि घन, भरण आणि मरण यांत फरक उरत नाही.

शेवटी रील व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवा आणि घरातल्या सगळ्यात लहान फोनवर, उजेड अर्ध्यावर ठेवून, हात लांब करून बघा. मी शेजारच्या काकूंना दाखवली. त्यांनी "सकाळी ९ ते १" पटकन वाचलं, पण ठिकाण वाचलं "विठ्ठल मंदिराची घर्मशाळा". तेवढ्या एका ओळीचं वजन मी एक्स्ट्राबोल्ड ठेवलं होतं. ते सेमीबोल्डवर आणलं, आकार ६४ चा ७२ केला, तेव्हा कुठे "ध"ची खाच दिसली.