तळपायाच्या चामखिळीवर सॅलिसिलिक ॲसिड कसं लावायचं, आणि ते नेमकं करतं काय

सॅलिसिलिक ॲसिड चामखीळ जाळून टाकतं असं बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून मग लोक जास्त झोंबेल इतकं लावतात आणि चार दिवसांनी पाय दुखायला लागला की सोडून देतात. खरं तर ते जाळण्याचं औषधच नाहीये. आपल्या त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे बारीक दुवे असतात, सॅलिसिलिक ॲसिड ते दुवे सैल करतं. पेशीतलं केराटिन फारसं विरघळत नाही, पेशी फक्त सुटी होते. सुटी झालेली पेशी काढायचं काम मात्र आपलं, आणि हेच कोणी नीट करत नाही.

किती टक्के घ्यायचं ते थर किती जाड आहे त्यावर ठरतं. पिंपल्सच्या फेसवॉशमध्ये किंवा जेलमध्ये साधारण 0.5 ते 2 टक्के असतं, तेवढं पुरतं, कारण ते तेलात मिसळतं आणि तेलकट रोमछिद्रात उतरून आत अडकलेल्या पेशींचं बूच सैल करतं. कोंड्याच्या शाम्पूत 2-3 टक्क्यांच्या आसपास, तोही डोक्याच्या त्वचेवर काही मिनिटं ठेवावा लागतो, लगेच धुतला तर खपल्या सुटायला वेळच मिळत नाही. तळपायाची कातडी मुळातच जाड, त्यात चामखिळीचा थर अजून जाड, त्यामुळे तिथे 17 टक्क्यांचं, लावल्यावर सुकून पातळ पापुद्रा धरणारं लिक्विड वापरतात.

आधी ती चामखीळच आहे ना ते बघा. वरचा थर थोडा घासला की चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात, त्या गोठलेल्या रक्तवाहिन्या असतात, आणि तळपायाच्या रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात. कुरूप असेल तर रेषा बहुतेक वेळा तशाच पुढे जातात.

आता समजा टाचेवर 5 मिलीमीटरची एक चामखीळ आहे. रात्री पाय 5 मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा, ओल्या मऊ थरात औषध जास्त खोल जातं. मग पाय पुसा आणि कालचा पांढरा पडलेला थर नेल फाइलने हलक्या हाताने घासून काढा, दुखेपर्यंत किंवा रक्त येईपर्यंत नाही. ती फाइल फक्त चामखिळीसाठीच ठेवायची, नखांना लावायची नाही आणि दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, कारण चामखीळ व्हायरसमुळे होते आणि घासलेल्या भुश्यातूनही तो पसरू शकतो. त्यानंतर आजूबाजूच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचं कडं करा, कारण हे ॲसिड चामखीळ आणि चांगली कातडी यात भेद करत नाही. मग थेंब थेंब करून फक्त चामखीळ झाकेल इतकंच लावा, पूर्ण सुकू द्या, हवं तर वरून टेप लावा. लावताना जवळ आग नको, हे लिक्विड पटकन पेट घेतं.

पहिल्या काही दिवसांत जागा पांढरी आणि लिबलिबीत होते, ते बरोबर चाललंय. थोडं चुरचुरलं तरी चालतं. पण कडेची कातडी लाल झाली, सुजली किंवा चालताना दुखायला लागलं तर औषध थेट चांगल्या कातडीवर गेलंय, मग काही दिवस थांबायचं, जागा शांत झाली की परत सुरू करायचं. दोन-तीन आठवड्यांत उंचवटा सपाट होतो आणि इथेच बरेच जण गेली म्हणून थांबतात, पण काळे ठिपके अजून दिसत असतील तर खाली व्हायरस असलेल्या पेशी उरल्यात. औषध व्हायरसला थेट मारत नाही, ते व्हायरसने भरलेली कातडी एकेक थर करून काढत जातं आणि त्या जागेला होणाऱ्या त्रासाने शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होत असावी असं मानतात. म्हणून ठिपके जाऊन तळपायाच्या रेषा त्या जागेवरून सलग दिसायला लागेपर्यंत रोज लावत राहायचं, जास्तीत जास्त 12 आठवडे.

डायबेटिस असेल, पायात रक्तपुरवठा कमी असेल किंवा संवेदना कमी असेल तर हे घरी करूच नका, कारण जखम झालेली कळतच नाही आणि ती भरायलाही वेळ लागतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, दोन्ही एकाच घराण्यातली औषधं आहेत. चेहरा, गुप्तांग, तीळ आणि केस उगवलेल्या चामखिळी यांवर 17 टक्केवालं अजिबात नाही. आणि 12 आठवड्यांनंतरही ठिपके तसेच असतील तर टक्केवारी स्वतःच वाढवत बसू नका, स्किनच्या डॉक्टरांकडे जा, ते चामखीळ गोठवून काढू शकतात किंवा ती मुळात चामखीळच आहे का ते तपासू शकतात.