फडताळातली कसर: कडुनिंब, कापूर आणि पुड्या वापरताना या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या घरात पुस्तकं बहुतेकदा माजघरातल्या फडताळात असतात. फडताळ जांभ्याच्या भिंतीत कोरलेलं, म्हणजे तिन्ही बाजूंनी भिंत. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात तो पाणी पितो आणि आत ओल सोडतो. कसरीला नेमकं हेच हवं असतं. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती फोफावते. म्हणून ओल तशीच ठेवून नुसता वास कोंडणं ही सगळ्यात मोठी चूक. वासाने कसर फार तर शेजारच्या कप्प्यात सरकते.

आधी कीड ओळखा. वाळवी मातीच्या नळ्या करते आणि कागद आरपार खाते. कसर कागद वरवर खरवडते. पान उजेडासमोर धरलं तर ती जागा कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ दिसते आणि कडा वेड्यावाकड्या असतात. पुठ्ठ्याच्या कण्यावर, जिथे खळ लावलेली असते, तिथे हे खरवडणं जास्त सापडतं, कारण खळीतला स्टार्च तिला आवडतो. शेजारी मिरपुडीसारखे बारीक काळे कण पडलेले असतात. कप्प्यात अंथरलेलं जुनं वर्तमानपत्रही तिच्यासाठी खाणं आणि आडोसा दोन्ही होतं. ते काढून टाका.

कडुनिंबाची चूक दरवर्षी दिसते: हिरवा पाला आणून थेट पानांत घालायचा. त्यातलं पाणी कागदात उतरतं, डाग पडतात, बुरशी येते. पाला आगोटीच्या आधी, चैत्र-वैशाखात तोडून सावलीत वाळवा. मुठीत चुरल्यावर कुरकुर वाजला तरच तो वाळला. पावसात तो घरात वाळतच नाही. पातळ सुती पुरचुंडीत मूठभर पाला बांधून कप्प्याच्या दोन्ही कोपऱ्यांत ठेवा आणि दोन महिन्यांनी बदला. पाला मऊ पडला असेल तर त्याआधीच. मात्र कडुनिंब कसर मारत नाही, त्याने ती फक्त दूर राहते. अंडी आधीच असतील तर त्याचा उपयोग नाही.

कापराची चूक अधिक नुकसान करते. अनेक जण कापूर आणि डांबरगोळ्या एकाच पुरचुंडीत बांधतात. वेगवेगळे ठेवले तर दोन्ही घनच राहतात, पण एकमेकांना लागले की मिश्रण साधारण ३२ अंशांना वितळतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद कपाटाचं तापमान सहज त्यापुढे जातं. मग तेलकट द्रव झिरपून पुस्तकांवर न जाणारे डाग पडतात. दोन्हींपैकी एकच निवडा. कापराची वाफ हवेपेक्षा जड असल्याने पुरचुंडी वरच्या कप्प्यात ठेवायची, खाली नाही. दार नीट बसत नसेल तर कापूर काही आठवड्यांत उडून जातो आणि वाफ कपाटात साचतच नाही. कापूर किंवा डांबरगोळी मुलाच्या तोंडात गेली तर विषबाधा होते, म्हणून हाताला लागेल अशा जागी ठेवू नका. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी अजिबात नको.

बाजारातल्या पुड्या दोन जातीच्या असतात: एक ओल शोषणारी, दुसरी कीटकनाशकाची. लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. सिलिका जेल फडताळात ठेवलं तर भिंतीच्या ओलीने ते काही दिवसांतच भरून जातं, मग पुडी नुसती पडून राहते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात कामी येतं. २० लिटरच्या डब्यात साधारण १०० ग्रॅम ठेवा, पण पुस्तकं आधी वाळलेली हवीत. पाणी साठणाऱ्या लटकत्या पिशव्या पुस्तकांच्या वर कधीच टांगू नका. त्या फुटल्या तर खारं पाणी थेट पानांवर पडतं.

समजा तीन कप्प्यांचं, दीडशे पुस्तकांचं फडताळ आहे. मे महिन्यात ते पूर्ण रिकामं करा. प्रत्येक पुस्तक अंगणात नेऊन दोन्ही हातांनी उघडा आणि कण्याच्या खाचा मऊ ब्रशने झाडा. पुस्तकं उन्हात नव्हे, सावलीत वाऱ्यावर ठेवा. फडताळाच्या फळ्या मात्र कडक उन्हात दोन दिवस तापवा आणि भिंतीच्या भेगा बुजवा. पुस्तकं परत लावताना मागच्या भिंतीपासून दोन बोटं जागा सोडा आणि इतकी दाटू नका की हवाच फिरणार नाही. जपायची पंधरा-वीस पुस्तकं डब्यात जाऊ द्या. मग वरच्या कप्प्यात कापूर, खालच्या दोन्हींत कडुनिंब. पावसात उघडीप मिळेल त्या दिवशी तासभर दार उघडं ठेवा. घर गणपतीपर्यंत बंद राहणार असेल तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन हे काम सांगून ठेवा.

कसर उरली का, हे काचेच्या बरणीने कळतं. बरणीला बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळा, आत चिमूटभर कणीक टाका आणि रात्री तळाच्या कप्प्यात ठेवा. कसर पट्टीवरून चढते, आतल्या गुळगुळीत काचेवरून तिला बाहेर येता येत नाही. सकाळी मोठ्या चंदेरी एक-दोन मिळाल्या तर त्या बाहेरून आल्या असू शकतात. बारीक पांढरट पिल्लं दिसली तर अंडी तिथेच जवळपास, बहुधा भिंतीच्या भेगेत आहेत, आणि फडताळ पुन्हा रिकामं करावं लागेल.