कारागिरीवरचा लघुमाहितीपट: आराखड्यातच होणाऱ्या या चुका टाळा

पारंपरिक कारागिरीवर लघुमाहितीपट करणाऱ्यांना एक अडचण फार उशिरा, म्हणजे संकलनाला बसल्यावरच लक्षात येते. चित्रीकरण भरपूर झालेले असते, दृश्ये देखणी असतात, मुलाखतही मोकळेपणाने झालेली असते, आणि तरीही पहिली जोडणी पाहताना तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला लक्ष उडते. अशा वेळी संगीत बदलले जाते, दृश्ये आखूड केली जातात. पण दोष बहुधा त्याआधीच्या आराखड्यात असतो. कुंभारकामावरचा सात मिनिटांचा माहितीपट उदाहरणादाखल घेऊ.

कामाचा क्रम हीच कथा समजणे

माती मळणे, चाकावर मडके घडवणे, वाळवणे, भाजणे आणि शेवटी तयार मडक्यांची रांग, असा आराखडा बहुतेकांना आपोआप सुचतो. त्यात पुढे काय होईल, हा प्रश्न प्रेक्षकाला कुठेच पडत नाही, कारण शेवटी मडके तयार होणार हे त्याला पहिल्याच दृश्यात ठाऊक असते. हा दोष ओळखण्याची कसोटी सोपी आहे. आराखड्यातला मधला कोणताही एक टप्पा काढून पाहावा. उरलेल्या भागाचे काहीच बिघडत नसेल, तर हाती केवळ क्रम आहे, कथा नाही.

कथा शोधायची तर या कामात हमखास काय फसू शकते, हे आधी विचारावे. कुंभारकामात याचे उत्तर भट्टीत आहे. वरून कोरड्या दिसणाऱ्या मडक्याच्या जाड भागात ओल शिल्लक असू शकते. आच घाईने वाढवली तर त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट न मिळाल्याने मडके फुटते. तळ जाड आणि कडा पातळ असतील तर वाळतानाच तडा जातो, आणि भट्टी गार होण्याआधी उघडली तरीही तडा जाण्याची भीती असते. आता समजा, कारागिराने नेहमीच्या मडक्यांबरोबर एक बराच मोठा रांजण करायला घेतला आहे. ‘हा रांजण भट्टीतून साबूत निघेल का?’ एवढा एक प्रश्न पहिल्या मिनिटात मांडला, की तळाची जाडी, वाळवण्यातला संयम, सुरुवातीची मंद आच या सगळ्या तपशिलांना वजन येते. आता वाळवणाचा टप्पा काढून टाकता येत नाही, कारण धोका नेमका तिथेच साठत असतो.

सगळी मुलाखत एकाच बैठकीत उरकणे

ही चूक मला सर्वांत महागाची वाटते, कारण ती नंतर दुरुस्त होत नाही. सोयीसाठी संपूर्ण मुलाखत बहुधा शेवटी, काम आटोपल्यावर घेतली जाते. तोवर रांजणाचे काय झाले हे कारागिराला माहीत असते, त्यामुळे ते सगळे भूतकाळात आणि निश्चिंतपणे सांगतात. ‘थोडी काळजी होती, पण निघाला व्यवस्थित’ हे वाक्य कथेच्या सुरुवातीला वापरता येत नाही, आणि मधल्या काळजीचा तर मागमूसही उरत नाही.

म्हणून मुलाखतीच्या दोन बैठका ठरवाव्यात. पहिली भट्टी पेटवण्याआधी घ्यावी आणि तिच्यात ‘तुम्हाला सर्वांत जास्त भीती कोणत्या जागी वाटते?’, ‘तडा गेल्याचे कशावरून कळेल?’ असे वर्तमानातले प्रश्न विचारावेत. दुसरी भट्टी उघडल्यानंतर लगेच, पाच-दहा मिनिटांची पुरते. ‘या कलेकडे कसे वळलात?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही. मात्र त्याने सुरुवात केली तर उत्तर बहुधा पाठ केल्यासारखे येते, कारण येणारा प्रत्येक जण त्यांना तेच विचारत असतो.

माहितीपटात आपला आवाज ठेवायचा नसेल, तर उत्तरात प्रश्नाचा संदर्भ यायला हवा, हे आधीच समजावून सांगावे. ‘हो, दोन आठवडे’ या उत्तराचा संकलनात उपयोग होत नाही. ‘एवढा मोठा रांजण वाळायला दोन आठवडे लागतात’ याचा होतो. चाक फिरत असताना मुख्य मुलाखत घेऊ नये. मोटरची घरघर तुकड्यातुकड्यांत कापली गेली की प्रत्येक जोड कानाला खुपतो. बोलणे संपल्यावर त्याच जागी सर्वांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसती शांतता ध्वनिमुद्रित करावी. जोड झाकायला ती लागतेच.

कटअवे बोलण्याआधीच ठरवून टाकणे

कटअवे म्हणजे मुलाखतीचा आवाज चालू असताना चेहऱ्याऐवजी दाखवायची दृश्ये. फिरते चाक, मातीने माखलेले हात, खिडकीतून येणारा उजेड ही दृश्ये सगळेच टिपतात. अडचण येते ती कारागीर एखादी नेमकी गोष्ट सांगतात तेव्हा. ‘माती वाळताना आणि भाजताना आकसते, म्हणून आम्ही भांडे मुळातच मोठे करतो,’ हे वाक्य मुलाखतीत उत्तम वाटते. पण त्यावर फिरते चाक ठेवले तर डोळ्यांना एक आणि कानांना दुसरेच मिळते. तिथे ओला रांजण आणि भाजलेला रांजण एकाच कोनातून, एकाच अंतरावरून आणि मापासाठी शेजारी तीच वस्तू ठेवून घेतलेला हवा. यातले पहिले दृश्य नंतर मिळवणे अशक्य असते.

यावर उपाय असा की, चित्रीकरणाच्या काही दिवस आधी कॅमेऱ्याशिवाय भेटावे, फक्त आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि घरी येऊन ते बोलणे लिहून काढावे. कागदाच्या डाव्या बाजूला कारागिरांची उपयोगी वाक्ये आणि उजव्या बाजूला त्या वाक्याच्या वेळी काय दिसायला हवे, अशी दोन रकान्यांची यादी करावी. उजवा रकाना जिथे रिकामा राहतो तिथे चेहराच दाखवायचा आहे की दृश्य सुचलेले नाही, हे तेव्हाच ठरवून टाकावे.

प्रत्येक कृती निदान तीन अंतरांवरून हवी: जागेसह पूर्ण माणूस, कमरेपासून वर, आणि फक्त हात. ओल्या मातीवरची कृती मागे नेता येत नाही, म्हणून लांबचे दृश्य एका मडक्यावर आणि हातांचे दृश्य पुढच्या मडक्यावर घ्यावे. मात्र दोन्ही वेळी मातीची उंची आणि बाह्यांवरचा चिखल साधारण सारखा आहे ना, ते पाहावे. कॅमेरा सुरू केल्यावर तो किमान दहा सेकंद हलवू नये. नवखे लोक तीन सेकंदांत पुढे सरकतात आणि मग वाक्य संपण्याआधीच दृश्य संपते.

वेळापत्रक आपल्या सोयीने आखणे

लागोपाठ दोन दिवसांत सगळे टिपायचे ठरवले, तर एकच रांजण घडण्यापासून भाजण्यापर्यंत कधीच दिसणार नाही. मग वेगवेगळी भांडी एकच असल्यासारखी जोडली जातात. सर्वसाधारण प्रक्रिया दाखवताना ते चालते, पण सगळी कथा एकाच रांजणावर उभी असेल तर ती प्रेक्षकाची फसवणूक ठरते. दोन दिवसच असतील तर ते लागोपाठ न घेता एक घडवण्याला आणि एक भट्टी उघडण्याला द्यावा. मधले वाळवण आणि भट्टी रचणे यांची काही दृश्ये कारागिरांच्या घरच्या कुणी फोनवर टिपून ठेवली, तरी काम भागते. भट्टी पेटवण्याआधीची बैठकही मग त्या दिवसांत फक्त आवाजाची, फोनवर ध्वनिमुद्रित करून घेता येईल.

भट्टी उघडण्याचा क्षण एकदाच येतो. कॅमेरा एकच असेल तर तो रांजणावर न रोखता कारागिरांच्या चेहऱ्यावर ठेवावा आणि आवाज अखंड चालू ठेवावा. रांजण नंतर शांतपणे, हव्या त्या कोनातून टिपता येतो. तो फुटलेला निघाला तरी चित्रीकरण थांबवू नये. पहिल्या बैठकीत भीतीची जी जागा त्यांनी सांगितली होती, तडा तिथेच गेला आहे का, हे त्यांना तुकडे हातात घेऊन दाखवायला सांगावे.