बोगद्यात गाड्या थांबल्या तर काय कराल?

साताऱ्याहून पुण्यात शिरताना नवा कात्रज बोगदा लागतो. तोंडापाशी येण्याआधीच गॉगल काढा, हेडलाइट डिपरवर लावा, लेन धरा आणि वेग उतरवा. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही सेकंद डोळ्यांना नीट दिसत नाही. नेमका तेव्हाच ब्रेक मारू नका. आत लेन बदलायची नाही, ओव्हरटेकही नाही.

चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून बोगदा पार करण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. चारही दिवे लुकलुकत असले की तुम्ही थांबला आहात की चालला आहात, हे मागच्याला कळत नाही. ते दिवे थांबण्यासाठी राखून ठेवा.

खरी परीक्षा पुढची रांग थांबल्यावर असते. एका रविवारी संध्याकाळी मी आत अडकलो आणि सवयीने ट्रकच्या अगदी मागे जाऊन उभा राहिलो. तो ट्रक बंद पडलेला निघाला. मागे दुसरी कार चिकटली होती, त्यामुळे मला ना पुढे सरकता येईना ना बाजूने निघता येईना. तोवर मागच्या सीटवरची मुलगी डोकं दुखतंय म्हणायला लागली. एसी बाहेरची हवा घेत होता, म्हणजे सगळ्या गाड्यांचा धूर आत ओढत होता.

तेव्हापासून पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतक्या अंतरावरच मी थांबतो. थांबता थांबता चारही इंडिकेटर लावतो, पण ब्रेकवरचा पाय काढत नाही. मागची गाडी थांबलेली आरशात दिसेपर्यंत तो ब्रेकवरच राहतो, कारण मागून धडक बसण्याची सर्वाधिक भीती याच क्षणांत असते. मग काचा बंद करा आणि गाडीत गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण दाबा, म्हणजे आतलीच हवा फिरते. दोन मिनिटांत रांग हलली नाही तर इंजिन बंद करा. खाली उतरून डोकावू नका, आणि यू-टर्न किंवा रिव्हर्स कधीही नाही.

गाडी तुमचीच बंद पडली तर जमेल तितकी डाव्या कडेला घ्या. भिंतीवर आपत्कालीन फोन असेल तर तो वापरा, कारण त्यावरून तुमची जागा लगेच कळते. नसेल तर महामार्ग मदतीचा १०३३ किंवा आपत्कालीन ११२ लावा.

धूर दिसला तर मात्र गाडीत बसून राहू नका. इंजिन बंद करा, किल्ली गाडीतच ठेवा, म्हणजे मदतीला आलेल्यांना गाडी हलवता येते. सामान सोडा. गरम धूर आधी छताला लागतो आणि मग खाली उतरतो, म्हणून वाकून, भिंतीच्या कडेने, धुराच्या उलट दिशेला चाला. लांब बोगद्यांत शेजारच्या बोगद्यात जायचे दरवाजे असतात, त्यांवर हिरवी पाटी असते. दार उघडल्यावर थेट बाहेर पाऊल टाकू नका. पलीकडच्या गाड्या थांबल्यात का, ते आधी बघा.