शाळेचं फेसबुक पेज सोपवताना या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलीचा आदेश आला की चार्ज द्यायची यादी ठरलेली असते: जनरल रजिस्टर, डेडस्टॉक, कॅशबुक, कपाटांच्या किल्ल्या. फेसबुक पेज त्या यादीत नसतं. ते एखाद्या हौशी शिक्षकाने स्वतःच्या मोबाईलवरून सुरू केलेलं असतं आणि तो कार्यमुक्त झाल्यावर शाळेला त्याची आठवण येते. पुढचा संवाद रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक चूक सहज होण्यासारखी आहे.

मॅडम: गुरुजी, जायच्या आधी पेजचा पासवर्ड तेवढा कागदावर लिहून द्या. कपाटात ठेवते.

गुरुजी: मॅडम, पेजला वेगळा पासवर्डच नसतो. ते माझ्या खात्यातून चालतं. पासवर्ड दिला तर माझं अख्खं खातंच तुमच्याकडे येईल, घरच्यांचे मेसेजसुद्धा. आणि एवढं करून काम अडेलच. नव्या मोबाईलवरून लॉगिन केलं की कोड माझ्या नंबरवर मागतील, तेव्हा मी तिकडे वर्गावर असेन.

मॅडम: मग शाळेच्या नावाने एक खातं उघडू. मुख्याध्यापक बदलले तरी खातं तेच राहील.

हा विचार शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो जास्त फसवतो. फेसबुकवर वैयक्तिक खातं खऱ्या माणसाचंच असावं लागतं. शाळेच्या नावाचं खातं कधीही बंद होऊ शकतं, आणि ओळखपत्र मागितलं तर दाखवायचं कुणाचं? पेज चालवणारं ते एकच खातं असेल तर पेजही हातचं गेलं.

गुरुजी: त्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या खात्याला अधिकार देतो. मी आता पेजवर स्विच झालोय. Settings मध्ये Page access उघडलं. इथे People with Facebook access च्या पुढे Add New आहे. तुमचं नाव शोधतो... एकाच नावाची बरीच खाती दिसतायत. फोटो बघून सांगा, यातलं तुमचं कोणतं?

मॅडम: हिरव्या साडीतलं. वरचं जुनं आहे, त्याचा नंबर बंद झाला.

गुरुजी: बरं झालं विचारलं. जुन्या खात्याला आमंत्रण गेलं असतं तर आपण वाट बघत बसलो असतो. आता पूर्ण नियंत्रणाचं हे बटण सुरू करतो, मग Give Access, आणि माझा पासवर्ड.

बहुतेकांची गफलत या बटणापाशी होते. ते बंद राहिलं तरी समोरच्याला पोस्ट टाकता येतात, मेसेजना उत्तर देता येतं, त्यामुळे सगळं झालं असंच वाटतं. पण दुसऱ्या कुणाला अधिकार देणं किंवा काढून घेणं जमत नाही. कळतं ते पुढच्या बदलीच्या वेळी.

मॅडम: झालं ना? आता तुम्ही बाहेर पडा.

गुरुजी: इतक्यात नाही. तुमच्या मोबाईलवर आमंत्रण आलं असेल, ते आधी स्वीकारा. तोवर तुमचं नाव नुसतं प्रलंबित दिसतं. स्वीकारलंत की तुम्हीच Page access उघडा आणि माझ्यासारखंच दुसऱ्या एका शिक्षकाला पूर्ण नियंत्रण द्या. तुम्हाला ते जमलं, तर अधिकार खरोखर पोचला.

मॅडम: दुसरा कशाला?

गुरुजी: उद्या तुमचीही बदली होईल. आणि पूर्ण नियंत्रण एकाकडेच असताना त्याने खातं निष्क्रिय केलं, तर पेजही बंद होतं.

गुरुजींनी आपलं नाव लगेच काढू नये. आठवडाभर राहू द्यावं, सगळं सुरळीत चाललंय हे दिसल्यावर मॅडमनी काढावं. नव्याने अधिकार मिळालेल्याला जुन्या व्यक्तीला काढण्यासाठी फेसबुक कधी कधी काही दिवस थांबायलाही लावतं, म्हणून हे काम कार्यमुक्तीच्या दिवशी करू नये.

मॅडम: पेजवर फोन नंबर कुणाचा आहे?

गुरुजी: अरे हो, माझाच! व्हॉट्सअ‍ॅपचं बटणही माझ्याच नंबरला जोडलंय. दोन्ही बदलू, नाहीतर दाखल्यासाठी पालक मलाच फोन करतील.

आणि गुरुजी आधीच गेले असतील तर? त्यांना परत बोलवायची गरज नाही. त्यांचं खातं चालू असेल तर हेच सगळं ते नव्या गावातून करू शकतात. खातं निष्क्रिय केलं असेल तर त्यांनी पुन्हा लॉगिन करावं. कायमचं डिलीट करायला टाकलं असेल तर ३० दिवसांच्या आत लॉगिन करून ते थांबवता येतं, त्यामुळे तिथे मात्र घाई हवी. ती मुदत उलटली असेल तर नवं पेज काढून पालकांच्या गटात त्याची लिंक टाकलेली बरी.