कठीण कवितेचा गद्य अर्थ कडव्यागणिक कसा लिहावा : 'झपूर्झा'ची तीन कडवी

कवितेचा अर्थ लिहायला बसलेला माणूस बहुधा शब्दकोश उघडतो आणि तेथेच फसतो, कारण जुन्या मराठी कवितेत अडचण शब्दांची कमी आणि वाक्यरचनेची जास्त असते. कर्ता कडव्याच्या शेवटी सापडतो, क्रियापद मध्येच कोठेतरी असते, विभक्तीचा प्रत्यय गळालेला असतो आणि 'ते', 'त्या', 'ज्यां' ही सर्वनामे कोणाकडे बोट दाखवतात हे कवी सांगत नाही. म्हणून आधी अन्वय, म्हणजे शब्द गद्याच्या क्रमाने लावणे, आणि मग अर्थ, हा क्रम सोडू नये. केशवसुतांच्या 'झपूर्झा'वर तो प्रत्यक्ष करून पाहू. केशवसुत रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचे. गणपतीपुळ्याला येणारे पुष्कळ लोक जवळच असलेले त्यांचे स्मारक पाहून जातात, पण ही कविता मात्र 'दुर्बोध आहे' म्हणून बाजूला ठेवतात.

सुरुवातीला कडवे जसे छापले आहे तसे हाताने उतरवून काढावे. त्यातले जुने अनुस्वार गाळू नयेत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनंतर असे बरेच अनुस्वार गेले असले, तरी जुन्या छपाईत पुष्कळदा तेच विभक्ती सांगतात. नंतर प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारून 'कोण?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर कागदाच्या कडेला समासात लिहावे. पहिले कडवे असे आहे :

हर्षखेद ते मावळले,
हास्य निमालें,
अश्रु पळाले,
कण्टकशल्यें बोथटलीं,
मखमालीची लव वठली;
कांही न दिसे दृष्टीला,
प्रकाश गेला,
तिमिर हरपला,
काय म्हणावें या स्थितिला? —
झपूर्झा! गडे झपूर्झा!

येथे अन्वय सोपा आहे, कारण जवळजवळ प्रत्येक ओळ स्वतंत्र वाक्य आहे. तरीही याच कडव्याचा अर्थ सर्वांत जास्त वेळा चुकतो. 'अश्रू पळाले, काटे बोथट झाले, अंधार गेला' एवढेच वाचणाऱ्याच्या मनात राहते आणि 'कवीचे दुःख संपून त्याला आनंद झाला' असे वाक्य कागदावर उतरते. ओळी जोडीजोडीने मांडल्या की ही चूक लगेच दिसते. खेदाबरोबर हर्ष गेला आहे, आसवांबरोबर हसू गेले आहे, काट्याच्या बोचीबरोबर मखमलीचा मऊपणाही सुकला आहे आणि अंधाराबरोबर प्रकाशही हरवला आहे. सुखाची बाजू गाळून लिहिलेला अर्थ निम्म्या कडव्याचा असतो, आणि तो नेमका उलट्या दिशेने जातो.

गद्य साधारण असे होईल : 'आनंद आणि खेद दोन्ही मावळले आहेत. हसू विझले आहे आणि अश्रूही निघून गेले आहेत. टोचणारे काटे बोथट झाले आहेत, तशीच मखमलीची मऊ लवही सुकून गेली आहे. डोळ्यांना काहीच दिसत नाही. प्रकाश गेला आहे आणि अंधारही नाहीसा झाला आहे. या स्थितीला काय म्हणावे? झपूर्झा.' येथे 'प्रकाश गेला म्हणून काही दिसत नाही' असे लिहिण्याचा मोह होतो, आणि वाक्य कानाला बरेही लागते. पण तो 'म्हणून' कवीचा नाही. तो घातला की पुढच्या ओळीत अंधारही कसा गेला याचा मेळ लागत नाही. गद्यात आपण घातलेले 'म्हणून', 'कारण', 'तरीही' हे शब्द पुन्हा पुन्हा तपासावेत, कारण अर्थ बहुतेक वेळा अवघड शब्दापाशी नव्हे, तर अशा साध्या जोडशब्दापाशी बदलतो.

दुसऱ्या कडव्यात खरी मेहनत आहे :

हर्षशोक हे ज्यां सगळें
त्यां काय कळे?
त्यां काय वळे?
हंसतिल जरि ते आम्हांला,
भय न धरूं हें वदण्याला :—
व्यर्थीं अधिकचि अर्थ वसे,
तो त्यांस दिसे,
ज्यां म्हणति पिसे,
त्या अर्थाचे बोल कसे? —
झपूर्झा! गडे झपूर्झा!

'ज्यां' म्हणजे ज्यांना, आणि 'व्यर्थीं' म्हणजे व्यर्थामध्ये. दोन्ही ठिकाणी अनुस्वार प्रत्ययाचे काम करतो आहे. यानंतर सर्वनामांचा हिशेब मांडावा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळींतले 'त्यां' आणि चौथीतले 'ते' हे एकाच गटाचे, म्हणजे सुखदुःखालाच सर्वस्व मानणाऱ्यांचे आहेत. सातव्या ओळीतले 'त्यांस' मात्र अगदी वेगळ्या गटाचे, लोक ज्यांना वेडे म्हणतात त्यांचे आहे. रूप सारखेच आणि माणसे विरुद्ध, त्यामुळे गद्यात दोन्हीकडे 'त्यांना' लिहून भागत नाही, नामच लिहावे लागते. 'म्हणति' या क्रियापदाला कर्ता नाही, तेथे 'लोक' हा शब्द आपण घालतो. अशी भर चालते, कारण तिच्याशिवाय वाक्य उभे राहत नाही आणि तिने अर्थात नवे काही येत नाही. 'हें वदण्याला' यातले 'हें' पुढे पाहते, मागे नाही : जे बोलायचे आहे ते अपूर्णविरामानंतर येते.

आता गद्य : 'ज्यांना आनंद आणि शोक हेच सर्व काही वाटते, त्यांना हे काय समजणार आणि त्यांच्या अंगवळणी काय पडणार? अशी माणसे आम्हांला हसली, तरी पुढचे बोलायला आम्ही भिणार नाही : जे निरर्थक वाटते त्यातच अधिक अर्थ असतो, आणि लोक ज्यांना वेडे म्हणतात त्यांनाच तो दिसतो. त्या अर्थाचे शब्द कसे असतात? झपूर्झा.' पहिले दोन प्रश्न 'त्यांना काही समजत नाही' असे नकारार्थी लिहिले तरी माहिती तीच राहते, पण त्यातला टोमणा जातो. मी प्रश्न प्रश्नच ठेवतो.

तिसऱ्या कडव्यात कर्ता चौथ्या ओळीत आहे :

ज्ञाताच्या कुंपणावरून,
धीरत्व धरून
उड्डाण करून
चिद्घनचपला ही जाते,
नाचत तेथें चकचकते;
अंधुक आकृति तिस दिसती,
त्या गाताती
निगूढ गीती;
त्या गीतींचे ध्वनि निघती —
झपूर्झा! गडे झपूर्झा!

'ज्ञाताच्या' म्हणजे जाणणाऱ्याच्या नव्हे, जे माहीत आहे त्याच्या. जाणणारा अभिप्रेत असता तर 'ज्ञात्याच्या' झाले असते. 'चिद्घनचपला' हा समास फोडला की चित्, घन आणि चपला असे तीन शब्द मिळतात. चैतन्याच्या मेघातली वीज असा एक अर्थ, आणि 'चिद्घन' हा वेदान्तातला शब्द धरला तर निखळ चैतन्यरूप वीज असा दुसरा. मजकूर दोन्ही अर्थांना जागा देतो, तेव्हा 'चैतन्याची वीज' असे लिहिले की दोन्ही वाटा उघड्या राहतात. 'कवीची प्रतिभा' असे लिहिणे म्हणजे समीक्षा झाली. ती लिहायचीच असेल तर गद्य अर्थाखाली वेगळ्या परिच्छेदात लिहावी. कुंपणाच्या जागी आपल्या कोकणातला चिऱ्यांचा गडगाही आणू नये, कारण चिऱ्यांचे चित्र येथे कवीने दिलेले नाही.

'माहितीच्या कुंपणावरून धीर धरून झेप घेत ही चैतन्याची वीज पलीकडे जाते आणि तेथे नाचत चकाकते. तिला अंधुक आकृती दिसतात. त्या आकृती गूढ गीते गातात आणि त्या गीतांमधून ध्वनी उमटतात : झपूर्झा.' यातला 'पलीकडे' माझा आहे. 'कुंपणावरून' आणि 'तेथें' या दोन शब्दांचा त्याला आधार आहे, एवढ्यासाठी तो राहू दिला.

धृपदाचे भाषांतर का करायचे नाही, हे तिन्ही कडवी एकाखाली एक ठेवली की कळते. पहिल्यात ते एका स्थितीचे नाव आहे, दुसऱ्यात अर्थाचे बोल आहेत, तिसऱ्यात नुसता ध्वनी आहे. कोणताही एक प्रतिशब्द घातला तर तो एका कडव्यात बसेल आणि उरलेल्या दोहोंत अडेल.

शेवटी गद्य आणि पद्य शेजारी ठेवून कवितेतले प्रत्येक नाम व क्रियापद गद्यात कोठे आले ते पेन्सिलीने जुळवावे. कवितेत काही उरले तर ते गाळले गेले आहे. गद्यात काही उरले तर त्याला मजकुरात आधार शोधावा, न सापडल्यास खोडावे. हीच तपासणी दोन कडव्यांच्या सांध्यालाही लावावी. दुसऱ्या कडव्यातून तिसऱ्यात जाताना कवीने एकही जोडशब्द दिलेला नाही, तेव्हा गद्यातही तेथे नवा परिच्छेद सुरू करावा आणि 'त्यामुळे' लिहू नये.